आत प्लस, बाहेर मायनस

चार्जर बंद पडल्याचे माझ्या लक्षात आले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि डॉक्टरीणबाई दुपारी चारला येणार होत्या. मध्ये साडेपाच तास होते. ज्या बाईने बावन्न वर्षे घर चालवले आहे तिला साडेपाच तास पुष्कळ झाले, असे मला त्या क्षणी वाटले.

आमच्या ह्यांची वाचा गेल्याला दीड वर्ष झाले. स्नायूंचा आजार. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. आता डोळे आणि उजव्या हाताचे एक बोट एवढेच त्यांच्या ताब्यात उरले आहे. बुद्धी मात्र पूर्वीइतकीच तल्लख, आणि तिरकस. पलंगाला जोडलेल्या फळीवर एक जुना लॅपटॉप असतो. त्याच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळींवरून एक पिवळी चौकट सरकत राहते. ती हव्या त्या अक्षरावर आली की हे बोटाखालचे बटण दाबतात. असे अक्षराला अक्षर जोडून वाक्य झाले की यंत्र ते एकसुरी आवाजात वाचून दाखवते. एका वाक्याला चार-पाच मिनिटे लागतात. तरुणपणी मी त्यांना कधी वाक्य पुरे करू दिले नाही. आता मी खुर्चीत बसून चौकटीकडे पाहत थांबते.

प्रश्न पोटातल्या नळीचा होता. घास गिळता येईना, पाणी श्वासनलिकेत जाई, वजन भराभर उतरत होते. नळी बसवली तर अन्न थेट पोटात जाईल. पण श्वास आणखी क्षीण झाला तर ती बसवताही येणार नाही. रुग्णालयात शुक्रवारसाठी खाट राखून ठेवली होती. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी ह्यांना विचारले, आणि सवयीप्रमाणे उत्तर द्यायला मी तोंड उघडले. तेवढ्यात यंत्र बोलले, "तिला विचारू नका. मला विचारा." मग बराच वेळ चौकट सरकत राहिली आणि यंत्र पुन्हा म्हणाले, "गुरुवारी सांगतो."

त्या म्हणाल्या, "आत्ताच हो किंवा नाही सांगितलंत तरी चालेल, काका. नुसतं वर पाहिलंत तरी कळेल मला."

त्यावर हे जे बोलले ते ऐकून त्या हसल्या आणि मीही हसले. "मी दिवा नाही. चालू की बंद असं विचारू नका."

आज तो गुरुवार होता.

चार्जरची वायर ठोकळ्यापाशी मानेतून तुटली होती. रोज रात्री ती ठोकळ्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवण्याची शिस्त माझीच. बॅटरी इतकी म्हातारी की पडद्याच्या कोपऱ्यात अकरा टक्के दिसत होते. म्हणजे फार तर दहा मिनिटे. मी परगावी असलेल्या मुलाला फोन लावला.

"आई, आधी झाकण मिटून टाक," तो म्हणाला. "मशीन झोपेल. चार वाजता उघड, बाबांना दहा मिनिटं मिळतील."

"दहा मिनिटांत दोन वाक्यं होतात. ज्या माणसाने आठवडाभर विचार केला त्याला मी दोन वाक्यं मोजून देऊ?"

"बरं, मग नवा चार्जर आण. पण हाताला लागेल तो उचलून आणू नकोस. जुन्याच्या ठोकळ्यावर लेबल असेल, त्याचा फोटो पाठव."

लेबल नव्हते. दोन महिन्यांपूर्वी त्याचा कोपरा सुटून चिकट झाला होता, त्याला धूळ बसे. म्हणून मी ते स्पिरिटने भिजवून, चमच्याच्या दांड्याने खरवडून ठोकळा लख्ख केला होता. मुलाला मी तसे सांगितले.

"आई," तो म्हणाला, "तू कुणाच्या कपाळावरचं नशीबही पुसून काढशील."

समोरच्या दारातल्या ताई ह्यांच्यापाशी बसायला आल्या त्या स्वतःच्या घरातला चार्जर घेऊनच. त्याचे टोक बारीक निघाले. आमच्या भोकात ते नुसते खुळखुळले. मग मी इंटरनेटच्या डबीचा चार्जर काढला. त्याचे टोक असे नेमके बसले की मला विजय झाल्यासारखे वाटले. भिंतीवरचे बटण मी दाबणार इतक्यात ताईंनी माझा हात धरला.

"काकू, ह्यावर बारा लिहिलंय. बारा व्होल्ट. ह्याच्यावर लॅपटॉप चालायचा नाही."

"बसला ना पण?"

"बसायला काय, माझी चप्पल तुम्हाला बसते. तेवढ्याने ती तुमची होते का?"

ह्यांच्या डोळ्यांत हसू आले. झाकण मिटताना मी त्यांना म्हटले, "अहो, जरा थांबा. तासाभरात येते." यावर त्यांना काही म्हणायचे होते की नव्हते, ते झाकण मिटल्यावर कळण्याचा मार्ग नव्हता.

दुरुस्तीचे दुकान दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जिन्याखाली आहे. काउंटरवर उघडे पडलेले लॅपटॉप, स्क्रूंनी भरलेल्या बाटल्यांची झाकणे, सोल्डरचा वास. कारागीर पन्नाशीचा, कपाळावर भिंग सरकवलेला.

"या आजी."

"मी तुमची आजी नाही."

"बरं, मावशी. आणा इकडे." त्याने तुटका चार्जर हातात घेऊन उलटापालटा केला. "ह्याचं लेबल कुणी खाल्लं?"

"मी काढलं. घाण झालं होतं."

"वा! म्हणजे बारशाच्या दिवशीच नाव पुसलंत." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "बघा, मला तीन गोष्टी कळायला हव्यात. टोकाचं माप, व्होल्टेज, आणि प्लस आत की बाहेर. अँपिअरचं तेवढं टेन्शन नाही, जुन्यापेक्षा जास्त असले तरी चालतात, लॅपटॉप हवे तेवढेच घेतो. कमी मात्र नकोत. पण ह्या तीनपैकी एक जरी चुकली, तर मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

टोक त्याने मापपट्टीच्या चिमट्यात धरले. "बाहेरून साडेपाच मिलिमीटर. आतलं भोक अडीच. इथेच लोक फसतात. टू पॉइंट वनवालं, म्हणजे दोन पूर्णांक एक मिलिमीटरचं टोक बाहेरून हुबेहूब असंच दिसतं, पण तुमच्या लॅपटॉपच्या आतल्या खिळ्यावर ते चढणारच नाही."

मी आयुष्यभर कापडाची मापे घेतली आहेत, शिवणवर्ग चालवला आहे. अर्ध्या सुताचा फरक काय करतो ते मला सांगावे लागत नाही. मान हलवून मी म्हटले, "पुढे बोला."

"पुढे काय! वायर तुटली, ठोकळाही मेलाय, म्हणजे मीटर लावून व्होल्टेज कळणार नाही. लॅपटॉपच्या पोटाखाली लिहिलेलं असतं. आणलाय?"

"नाही. घरी फोन करते."

ताईंनी लॅपटॉप उचलून पाहिला. पण तोही मी रोज स्पिरिटच्या बोळ्याने पुसत असे, कारण ह्यांची लाळ गळते आणि मला ओशट पृष्ठभाग खपत नाही. "काकू, एक आणि नऊ दिसतंय," ताई म्हणाल्या. "त्याच्यापुढे इंग्रजी व्ही. बाकी सगळं पांढरं झालंय."

"एकोणीस व्होल्ट," कारागीर म्हणाला. "दोन गोष्टी मिळाल्या. आता प्लस-मायनस. लेबलावर एक चित्र असतं. मध्ये ठिपका, बाहेर अर्धी गोल रेघ. ठिपक्याला प्लस जोडलेला असेल तर आत प्लस, बाहेर मायनस. लॅपटॉपला बहुतेक वेळा तेच असतं."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे शंभरात नव्व्याण्णव. पण तो शंभरावा माझ्याच टेबलावर येतो, मावशी. लॅपटॉप घेऊन या. बंद करून मी मीटरची एक सुई यूएसबीच्या पत्र्याला लावीन, दुसरी चार्जिंगच्या भोकाच्या बाहेरच्या कडेला. बीप वाजला की बाहेर मायनस, खात्री झाली. पाच मिनिटांचं काम."

"त्या यंत्रातून माझे यजमान बोलतात," मी म्हटले. "पाच मिनिटांसाठी असो की पाच क्षणांसाठी, त्यांची वाचा पिशवीत घालून मी बाजारात आणणार नाही."

खरे सांगायचे तर तेव्हा लॅपटॉप मिटलेलाच होता. ते बोलणार नव्हतेच. पण मी एकदा नाही म्हटले की ते नाहीच असते, आणि समोरच्या माणसालाही ते लवकर कळते.

त्याने मीटर बाजूला ठेवला. मग खणातून एक खोका काढला. "अडीचचं टोक आणि एकोणीस व्होल्टचा तयार चार्जर माझ्याकडे आज नाही, उद्या येईल. हा सगळ्यांना चालणारा. इथे कळ आहे. पंधरापासून चोवीसपर्यंत जिथे सरकवाल तिथे. मी एकोणीसवर ठेवतो. टोकं आठ आहेत, मी तुमचं लावून देतो." टोकाच्या मागे दोन बारीक खिळे होते, ते त्याने वायरच्या शेवटच्या घरात दाबून बसवले, मग मीटरची लाल सुई टोकाच्या भोकात आणि काळी बाहेरून लावून मला आकडा दाखवला. "एकोणीस पॉइंट एक. आत प्लस. आता दोन गोष्टी ऐका. कळीला हात लावायचा नाही. टोक काढायचं नाही. हे दोन खिळे उलटेही बसतात. उलटे बसले की आतला प्लस मायनस होतो. ऐकताय ना?"

"मी ऐकते," मी म्हटले.

मी ऐकले होते. परंतु ऐकणे आणि हाताच्या सवयी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या वयात नव्याने कळायचे होते.

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. चार्जर पेटीतून काढला तर त्यावर दुकानातली धूळ, वायरीला कसला तरी चिकटा. पलंगापाशी अशी वस्तू मी नेणार कशी? स्वयंपाकघरात ओट्यावर बसून मी तो बोळ्याने पुसायला घेतला. कळीला अजिबात हात लावला नाही. आकडा दोनदा वाचला. टोकाच्या खाचेत काळे होते. ते नीट पुसता यावे म्हणून मी टोक ओढून काढले, पुसले, वाळवले आणि परत बसवले. ते सहज बसले. सुईत दोरा ओवावा इतक्या सहज.

मी हे सांगते ते स्वतःला वाचवण्यासाठी नव्हे. त्या क्षणी कारागिराचे वाक्य मला आठवले नाही, एवढेच.

खोलीत जाऊन मी झाकण उघडले. पाच टक्के. चौकट सरकू लागली आणि ह्यांनी माझी वाटही न पाहता बटण दाबायला सुरुवात केली. मी चार्जरची पिन भिंतीत लावली. ठोकळ्यावर हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरे उमटत होती. म. ला. ती. नळी.

"मला ती नळी," ताईंनी हळूच वाचले.

तीन टक्के झाले. वाक्य तुटू नये म्हणून मी घाईने टोक भोकात सारले. ते नेमके बसले. त्याच क्षणी आतून टिक् असा आवाज आला, ठोकळ्यावरचा हिरवा दिवा विझला, पडदा काळा झाला, आणि जळालेल्या केसांसारखा एक वास खोलीभर पसरला. ह्यांचे बोट बटणावर आणखी दोनदा दाबले गेले. मग थांबले.

"काय झालं हो?" ताई म्हणाल्या.

मी टोक उपसून काढले. चालूचे बटण दाबले, पुन्हा दाबले, दाबून धरले. बटण दाबण्यापलीकडे त्या यंत्रातले मला काही येत नव्हते. लॅपटॉप चादरीत गुंडाळला आणि जो मी सकाळी आणणार नव्हते, तो घेऊन दुकानाकडे धावले. या वयात धावणे म्हणजे काय ते धावणाऱ्यालाच माहीत.

कारागिराने आधी चार्जर पाहिला. मीटर लावला. आकड्याच्या पुढे आडवी रेघ आली.

"उणे एकोणीस," तो म्हणाला. "मावशी, टोक उलटं बसलंय."

"मी पुसलं ते."

त्याने लॅपटॉप चादरीतून सोडवला. सकाळचा त्याचा विनोदी स्वभाव कुठे गेला कोण जाणे. तो रागावला असता, तर मला बरे वाटले असते. त्याने मागचे झाकण उघडले, भिंग डोळ्यावर ओढले. "हा इथला फ्यूज गेलाय. त्याच्यामागचा भागही शॉर्ट झालाय, आणि पुढे कुठपर्यंत गेलंय ते उतरवून पाहिल्याशिवाय कळणार नाही. डिस्क बहुतेक वाचली असेल."

"चार वाजेपर्यंत?"

"मावशी..."

"जी किंमत सांगाल ती. दुसरं यंत्र द्या, त्यात ते घाला."

"डिस्क दुसऱ्यात घातली तरी ते बोलायचं सॉफ्टवेअर उघडेल याची खात्री नाही, ते ज्यांनी बसवलंय त्यांनाच विचारावं लागेल. आज नाही होणार. परवा सांगतो."

ज्या बाईंनी घरी येऊन ते सॉफ्टवेअर बसवले होते त्यांचा फोन बंद लागला. मी दुकानातल्या स्टुलावर बसले. आयुष्यात मी किती माणसांना "आज व्हायलाच पाहिजे" असे सांगितले असेल आणि ते झालेले पाहिले असेल! ते वाक्य जिभेवर आले आणि तिथेच राहिले. तांब्याच्या एवढ्याशा तुकड्यावर माझ्या शब्दाचे वजन चालत नव्हते.

घरी ताईंनी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून ठेवली होती. युक्ती चांगली होती. मी एकेका अक्षरावर पेन्सिल ठेवत गेले. हवे ते आले की ह्यांनी वर पाहायचे. पंधरा मिनिटांत "मला" झाले. पुढच्या अक्षरांवरून मी तीनदा गेले, कारण ह्यांचे डोळे कधी अक्षराकडे, कधी माझ्याकडे जात होते. मग त्यांना ठसका लागला. लाळ घशात उतरली होती. सक्शन यंत्राच्या नळीने ती ओढून काढणे, पाठीवर थापटणे, कूस बदलणे. यात अर्धा तास गेला. शेवटी चेहरा राखाडी झाला आणि डोळे मिटले.

डॉक्टरीणबाई चारला पाच मिनिटे असताना आल्या. सगळे ऐकून त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"काका, मला ठाऊक आहे तुम्हाला हे विचारलेलं आवडत नाही. तरी एकदा. नळी हवी असेल तर डोळे उघडून वर पाहा."

डोळे मिटलेलेच होते.

"नको असेल तर वर पाहा."

डोळे मिटलेलेच. राग होता, थकवा होता, की तेच उत्तर होते, मला सांगता येत नाही. बावन्न वर्षे मी या माणसाच्या वतीने बोलले: भाजी कोणती, घर कुठे, मुलगा काय शिकेल, पाहुणे किती दिवस राहतील. "ह्यांना चालेल," असे म्हणायला मला कधी क्षणभरही लागला नाही.

"उद्या सकाळची खाट सोडली तर पुन्हा कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "आणि त्यांचा श्वास मला आवडत नाहीये, काकू. अशा वेळी जवळच्या माणसाचं म्हणणं ग्राह्य धरतात. त्यांना काय हवं होतं, तुम्हाला काय वाटतं?"

"मला ती नळी," मी म्हटले.

"हं. पुढे?"

"पुढे मी टोक लावलं."

त्यांनी कागद मांडीवर ठेवून दिला आणि पेन त्यावर आडवे ठेवले. मी ताईंकडे पाहिले; त्या खाली पाहत होत्या. मी ह्यांच्या बोटाकडे पाहिले. ते चादरीवर, जिथे बटण असते तिथे, पडून होते. मी सही केली. नळी बसवावी, अशी. अक्षर नेहमीसारखे ठसठशीत आले, याचा मला संताप आला.

त्या गेल्या, ताईही गेल्या. थोड्या वेळाने मुलाचा फोन आला.

"झालं का सगळं? चार्जर मिळाला ना?"

"मिळाला."

"मग? बाबा काय म्हणाले?"

मी उत्तर देण्यासाठी श्वास घेतला आणि पलंगाकडे पाहिले. ह्यांनी डोळे उघडले होते. अगदी स्वच्छ, थकवा नसलेले डोळे, माझ्यावर रोखलेले. त्यांना ऐकू सगळे येते.

"आई? बाबा काय म्हणाले?"

"हो म्हणाले," मी म्हटले.

"बरं झालं, आई. तुला वाटत होतं ना, नाही म्हणतील म्हणून?"

मी फोन ठेवला. हे पाहतच राहिले. मी म्हटले, "अहो, बोला." आणि मग खुर्ची ओढून, पुठ्ठा हातात धरून, ते वर पाहतील म्हणून पहिल्या अक्षरावर पेन्सिल टेकवून बसले. त्यांनी वर पाहिले नाही. ते माझ्याकडेच पाहत होते.